क्रिएटिन की कॅफीन: एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर?

प्रश्न: माझे वजन 70 किलो आहे, आहार शाकाहारी आहे आणि व्यायाम रात्री आठ वाजता होतो. बेंच प्रेस 80 किलोवर अडकली आहे. क्रिएटिन घ्यावे की व्यायामापूर्वी कॅफीन?

लोखंडवाला: क्रिएटिनच घ्यावे. कॅफीनचा परिणाम त्याच दिवशी दिसतो, पण एका कमाल उचलीत तो फार तर दोन-तीन टक्क्यांचा असतो, म्हणजे 80 चे 82 किलो. क्रिएटिनने पहिल्या दिवशी काहीच होत नाही. रोज 3 ते 5 ग्रॅम घेतल्यास तीन-चार आठवड्यांत स्नायूंतला साठा भरतो, मग सेटच्या शेवटी एखादे रेप अधिक निघते आणि ती जास्तीची मेहनत महिनोन्‌महिने साचत जाते. शाकाहारी माणसाचा मूळ साठा कमी असल्याने त्याला फरक सहसा अधिक जाणवतो, तरी काहींना काहीच जाणवत नाही, हेही खरे.

कोल्हापूरकर: मला हे पटत नाही. कॉफी घरात असतेच, डब्यावर पैसे कशाला घालायचे? शिवाय क्रिएटिन सुरू केल्यावर माझ्या रक्तातले क्रिएटिनिन वाढले. मूत्रपिंडावर ताण आल्याशिवाय ते वाढेल का?

लोखंडवाला: वाढू शकते, कारण शरीरात क्रिएटिनचेच क्रिएटिनिन बनते. गाळण्याची क्षमता खरोखर घटली आहे का, हे सिस्टॅटिन सी या तपासणीतून अधिक नीट कळते. पण डॉक्टरांना डब्याविषयी सांगायलाच हवे आणि मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर त्यांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. खर्चाचे म्हणाल, तर मी 250 ग्रॅमचा डबा 700 रुपयांना घेतला. 3 ग्रॅमच्या हिशेबाने तो 83 दिवस पुरतो, म्हणजे दिवसाला साडेआठ रुपये. किलोमागे 3 मिलिग्रॅम धरले तर यांना 210 मिलिग्रॅम कॅफीन लागेल आणि त्यासाठी इन्स्टंट कॉफीचे तीन-चार चमचे घालावे लागतील. चिकोरी मिसळलेली असेल तर आणखी. सात वाजता घेतलेल्यापैकी जवळजवळ निम्मे मध्यरात्रीही अंगात असते. झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशीच्या व्यायामातून त्याची किंमत वसूल होते.

वजनगट ६६: तुम्ही स्पर्धेला उतरणार असाल तर क्रिएटिन टाळा. माझे वजन पहिल्याच महिन्यात दीड किलोने वाढले आणि 66 च्या गटात बसण्यासाठी मला जेवण तोडावे लागले. स्पर्धेच्या सकाळी मात्र कॉफी मी सोडत नाही.

लोखंडवाला: प्रश्नात स्पर्धेचा उल्लेख नाही. पण गटाच्या काठावर असलेल्यांसाठी तुमचा मुद्दा योग्य आहे. ते वजन बहुतांशी स्नायूंत साठलेले पाणी असते.

कोल्हापूरकर: क्रिएटिनिनचे पटले. पण दोन्ही रोज घेतल्यास कॅफीन क्रिएटिनचा गुण मारते, असा निष्कर्ष 1996 च्या एका प्रयोगात निघाला होता ना?

लोखंडवाला: निघाला होता, पण तो प्रयोग लहान होता आणि नंतरच्या प्रयोगांचे निकाल एकमुखी नाहीत. म्हणून मी कॅफीन फक्त जड उचलीच्या दिवशी घेतो, तेही व्यायाम सकाळी असेल तरच.