बाजाराच्या दिवशी रस्त्यावर पडलेला माणूस आणि उभे असलेले आपण

कापूसवाला (आर्णी, यवतमाळ): गेल्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी एक मोटारसायकलवाला कापसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. वीसेक माणसं गोल करून उभी होती, त्यात मीही. दहा मिनिटं 108 ला कोणी फोनच लावला नाही. प्रत्येकाला वाटलं, कोणी तरी लावला असेल. माणूस वाचला, पण मला रात्री झोप लागत नाही. अनोळखी माणसाला मदत करणं आपलं कर्तव्य आहे का, की ज्याची त्याची मर्जी?

निवृत्त प्राध्यापिका, वर्धा: दादा, मी वर्गात दरवर्षी 1968 चा एक प्रयोग शिकवायचे. न्यूयॉर्कमध्ये डार्ली आणि लाताने यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला फेफरं आल्याचा आवाज येतो. तो आवाज टेपवरचा होता, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 85 टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातले फक्त 31 टक्के. पण न उठलेल्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. मुलगा बरा आहे ना, असं त्यांनीच पुढे विचारलं. म्हणजे ते निर्दय नव्हते, जबाबदारी वाटली गेली होती. तरीही मी याला कर्तव्यच म्हणेन. जिथे आपलं फारसं काही जात नाही आणि समोरच्याचा जीव जातो, तिथे मर्जीचा प्रश्न येत नाही.

तलाठ्याचा पोरगा: बरोबर. न्यूयॉर्कातच 1964 साली एका बाईचा खून 38 जण खिडकीतून बघत राहिले होते. आणि आता आपल्याकडे कायदाही झालाय, मदत केली नाही तर शिक्षा होते.

निवृत्त प्राध्यापिका, वर्धा: दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत, बाळा. खून झाला, पण 38 हा वर्तमानपत्रातला आकडा फुगवलेला निघाला. सगळं बघितलेले फार थोडे होते, आणि एक शेजारीण तर खाली धावत गेली होती. कायद्याचं म्हणशील, तर जर्मनीत मदत न करणं गुन्हा आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या बघ्यावर तशी सक्ती नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं, ते मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याच्यावर खटला भरता येत नाही, नाव सांगायची बळजबरी करता येत नाही.

झाडीपट्टीवाला: ताई, कागदावर हे सारं चांगलं दिसते. माह्या भावानं दहा वर्षांआधी एका जखमीले दवाखान्यात नेलं. मंग चारदा बयानाले बोलावलं, तेही धान रोवणीच्या दिवसात. त्याची मजुरी कोण देईन? ज्याचं पोट रोजीवर हाये, त्याच्यावर कर्तव्य लादू नका. गाडीवाले काच वर करून निघून जातेत, त्यायले कोणी विचारत नाही.

निवृत्त प्राध्यापिका, वर्धा: भावाचं जे झालं ते चुकीचंच होतं. आज त्याला साक्षीदार व्हायची सक्ती करता येणार नाही. पण चौकीवरच्या शिपायाला हे माहीत असतं का, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

108 वरचा पायलट: मी गाडी चालवतो, तेवढ्यावरून बोलतो. कर्तव्य म्हटलं की लोक जखमीला चार बाजूंनी उचलून मालवाहू गाडीत टाकतात. मान लटकते, आणि मणक्याला आधीच मार असेल तर माणूस कायमचा लुळा होऊ शकतो. तोंडात पाणी ओततात, बेशुद्धीत ते श्वासनळीत जातं. आग किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसेल तर हलवू नका, श्वास नीट असेल तर हेल्मेट ओढू नका. रक्त वाहतं तिथे दुपट्ट्याची घडी घालून दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका.

आणि गर्दीकडे बघून ‘कोणी तरी फोन करा’ असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवा, ‘निळ्या शर्टवाले भाऊ, तुम्ही 108 लावा आणि लागला की मला सांगा.’ तो लावतोच. पत्ता सांगताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. ‘बाभळीजवळ’ म्हटलं तर आम्ही बाभळी शोधत फिरतो.

तलाठ्याचा पोरगा: म्हणजे गर्दी वाईटच नसते?

निवृत्त प्राध्यापिका, वर्धा: नाही. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनमधली रस्त्यावरच्या भांडणांची 219 कॅमेरा चित्रणं अभ्यासकांनी तपासली. दहापैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडलंच होतं, आणि माणसं जास्त तशी ती शक्यताही जास्त. पण भांडण डोळ्यांसमोर उघड दिसतं. निपचित पडलेला माणूस दारू पिऊन पडलाय की मरतोय, हे कळत नाही. म्हणून आपण एकमेकांची तोंडं बघतो, आणि सगळ्यांचीच तोंडं शांत दिसतात.

झाडीपट्टीवाला: हे पटलं. पण मजुरीचं उत्तर भेटलं नाही.

कापूसवाला (आर्णी, यवतमाळ): एक सांगायचं राहिलं. 108 ला फोन शेवटी ट्रॉलीवाल्या पोरानंच लावला. मार पडेल म्हणून तो आधी पऱ्हाटीत पळाला होता, मग स्वतःच परत आला. माझा मोबाइल तेव्हा माझ्या हातातच होता.