काळी गाडी अन् जळगावचा मे महिना: तुमचे अनुभव?

केळीबाग_रावेर: काल पुतण्या काळी गाडी बुक करून आला. एकदम आमची जुनी काळी आठवली. मे महिन्यात दुपारी लग्नाच्या मांडवाबाहेर लावायचो, परत येऊन दार उघडलं की भट्टी. सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका द्यायचं. रंगाने खरंच किती फरक पडतो? लिहा भो.

धुळेकर७: काळी घेऊच नये. एसी लवकर मरतो.

पेंटबूथ_भुसावळ: एसी मरत नाही, धुळेकरभाऊ, सुरुवातीला जास्त राबतो एवढंच. अमेरिकेत एकाच मॉडेलची काळी आणि चंदेरी गाडी उन्हात ठेवून मोजलं होतं. छताच्या पत्र्यात २५ अंशांपर्यंत फरक, आतल्या हवेत मात्र साधारण ५-६. बाकीची उष्णता काचेतून येते, तिला बाहेरचा रंग काय करणार? पांढरी गाडीही पुढच्या काचेला परावर्तक पडदा न लावता उन्हात ठेवलीत तर डॅशबोर्ड तापणारच.

माहेर_चोपडा: आमची पांढरी आहे पण आतून सगळी काळी, स्टिअरिंग धरवत नाही 😂 नंतर लिहिते, कुकर झाला.

केळीबाग_रावेर: आणि चरे? आमचा ड्रायव्हर रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसायचा.

पेंटबूथ_भुसावळ: तेच तर! आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळूच. कोरडं फडकं फिरवलं की वरच्या पारदर्शक थरावर गोल गोल बारीक रेघा उठतात. पांढऱ्यावरही उठतात, फक्त दिसत नाहीत. काळ्यावर उन्हात कोळ्याचं जाळं दिसतं. आधी पाण्याचा फवारा मारून धूळ वाहू द्या, मग शॅम्पू आणि मायक्रोफायबर. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने तेच घासतं. रेघेवरून नख फिरवा. अडकलं नाही तर पॉलिशने बहुतेक जाते, अडकलं तर पॉलिशवाल्याला पैसे देऊ नका. आणि दर वर्षी पॉलिश नको, थर पातळ होतो.

साक्री_ते_पुणे: बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग कशाने जातात?? काळ्या बोनेटवर नुसते ठिपके.

पेंटबूथ_भुसावळ: सावलीत धुवा, लगेच कोरडी करा. जुने डाग बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

जुनी_गाडी_नंदुरबार: विकताना आमच्याकडे पांढरी पहिली उठते. चॉकलेटी गाडी लोक बघतात, फिरवतात, मग म्हणतात घरी विचारून सांगतो. पण मोत्याची झाक असलेली पांढरी असेल तर सांभाळा. एक दार रंगवलं की शेड जुळता जुळत नाही, अन् गिऱ्हाईक लगेच म्हणतं, ठोकलेली आहे.

धुळेकर७: पांढरी म्हणजे टॅक्सी वाटते राव. आमची काळी चांगल्या भावात गेली.

जुनी_गाडी_नंदुरबार: मॉडेल कोणतं होतं ते सांगा आधी, भाव रंगाला मिळाला की डिझेल इंजिनाला?

माहेर_चोपडा: आले. पुतण्याचं लग्न जमलं का हो दादा? मुलगी कुठली?

केळीबाग_रावेर: ताई, यावलची 😄 अन् तिलाच काळी हवीये.