शर्ट इन की आऊट: फोटो एडिट करताना किती सांगायचं?

फोटोप्रश्न: बायोडेटाचा उभा फोटो आहे, गुडघ्यापर्यंत. पांढरा फुल शर्ट इन केलेला, कफ बंद. एआय टूलला ‘शर्ट आऊट कर, बाह्या दुमड’ म्हटलं. शर्ट बाहेर आला, पण बक्कल वर तसंच, आणि दुमड रबर बँड लावल्यासारखी. काय लिहू?

सुईदोरा: ‘आऊट’ म्हणजे काय, हे टूलला कळलं नाही तर ते फक्त बेल्टच्या खाली कापडाची पट्टी चिकटवतं. शर्टाची कड कुठे संपते ते सांगा: ‘शर्ट पँटवर सैल सोडलेला, पुढची कड चेनच्या मध्यापर्यंत, बाजूला कड थोडी वर चढलेली, बेल्ट आणि बक्कल पूर्ण झाकलेलं.’ ब्रशने भाग निवडायची सोय असेल तर निवड छातीपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत घ्या. बेल्ट निवडीबाहेर राहिला की तो जसाच्या तसा उरतो.

थोडक्यात: मला हे पटत नाही. एवढं लिहिलं की टूल शर्टच नवीन शिवतं, कॉलर बदलते, खिसा गायब होतो. एक ओळ लिहा, चार वेळा चालवा, बरं असेल ते निवडा.

सुईदोरा: कॉलर बदलते हे खरं, पण त्याला कारण मोठी निवड किंवा ‘बाकी तसंच ठेव’ न लिहिणं. ‘कॉलर, खिसा, बटणं आणि चेहरा बदलू नको’ असं जोडा. शिवाय दोन्ही बदल एकदम नका करू. आधी कड, ती जमली की बाह्या.

कुर्तेवाला: स्थळाच्या फोटोला शर्ट बाहेर चांगला दिसत नाही, इनच ठेवा. मी तर कुर्ताच घालतो.

थोडक्यात: प्रश्न तो नाहीये, दादा. पण बाह्यांचं सांगतो: ‘कोपरापर्यंत’ लिहा, झालं.

सुईदोरा: अर्धं बरोबर. ‘कोपरापर्यंत’ने उंची ठरते, दुमड ठरत नाही. हाताने दुमडताना पहिली घडी साधारण कफच्या रुंदीची असते आणि कफची आतली बाजू बाहेर येते. म्हणून ‘कफच्या रुंदीच्या दोन सैल घड्या, कोपराच्या जरा खाली, कडेला कापडाचा जाड थर, वर दंडावर चुण्या’ असं लिहा. दुसरी गोष्ट, मूळ फोटोत झाकलेला हात टूल मनाने रंगवतं. त्याचा रंग पंजाशी जुळतो का ते मनगटाजवळ मोठं करून बघा. तिथे रेघ दिसली की एडिट पकडलं जातं.

चौकडा: दोन्ही बाह्या सारख्याच मागू नका. एक बोटभर खाली राहिली की खरं वाटतं.

थोडक्यात: बायोडेटात ते गबाळं दिसेल.

चौकडा: बोटभर फरक कोणी मोजत नाही. आरशासारख्या सारख्या घड्या मात्र लगेच डोळ्यात भरतात.

फोटोप्रश्न: निवड मांडीपर्यंत वाढवली, बक्कल गेलं. पण डाव्या बाजूने कड आता सरळ पट्टीसारखी दिसते.

सुईदोरा: डावा हात त्या बाजूला लटकलेला असेल. हात निवडीतून वगळा आणि ‘कड हाताच्या मागून जाते’ एवढंच लिहून फक्त ती बाजू पुन्हा करा.