शेवटचा चेंडू आणि भिंतीवरचा ठसा

बी-२०३ (गॅलरीतून, चहासह): नमस्कार श्रोतेहो! ए विंगच्या मागच्या पार्किंगमधून आपलं स्वागत. ऊन कडक, खेळपट्टी कोबा, आणि पॅव्हेलियन एंडला वॉचमनची खुर्ची. बी विंगला दोन चेंडूंत पाच धावा हव्यात. फलंदाजी करतोय बी विंगचा कर्णधार, यंदा दहावी. गोलंदाज ए विंगचा, यत्ता पाचवी, बुटाची नाडी सुटलेली.

ए-१०१ काकू: कुंड्यांच्या बाजूला मारू नका म्हणून सांगा त्याला.

बी-२०३: काकूंनी क्षेत्ररक्षणात बदल सुचवला आहे. गोलंदाज धावत निघाला... टोलवला! चेंडू हवेत... काकूंच्या बादलीत!! बुडूक! बादलीत गेला की एक, हा नियम मे महिन्यापासून लागू. एकच धाव. आता एका चेंडूत चार.

ए-१०१ काकू: झाडांचं पाणी होतं ते. चेंडू देणार नाही.

बी-२०३: खेळ थांबला आहे. गोलंदाजाचं शिष्टमंडळ काकूंकडे रवाना. संध्याकाळी दोन बादल्या पाणी घालायच्या बोलीवर चेंडू परत.

ए-४०२: ओल्या चेंडूने टाकू नये. टेनिस बॉलची लव पाणी पिते. जड होतो, टप्पा नीट घेत नाही, खाली राहतो.

बी-२०३: तुमच्याच गोलंदाजाला फायदा आहे, ४०२! बघा, चेंडू चड्डीला पुसला. भिंतीवर आपटून पाहिला, ओला गोल उमटला. पुन्हा पुसला, पुन्हा गोल. तिसऱ्यांदा कुणाला धीर नाही. श्रोतेहो, शेवटचा चेंडू. लिंबूटिंबूसुद्धा अंगठा चोखायचा थांबलाय. आला... टाकला... आखूड टप्प्याचा, बॅट फिरली, हुकला!! चेंडू भिंतीवर! आउट, आउट! नाही, वरून गेला! आउट! सगळे एकदम बोलतायत.

सी-३०१: बाहेरच्यांसाठी कुणी सांगेल का काय झालं?

बी-२०३: यष्ट्या म्हणजे भिंतीवर खडूने काढलेल्या तीन रेघा आणि वर एक आडवी. बेल्स उडत नाहीत, लाकूड वाजत नाही. म्हणून एरवी ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल. आज मात्र चेंडू ओला. भिंतीवर ठसा आहे!

ए-४०२: [फोटो] ठसा आडव्या रेघेला टेकलाय. त्रिफळाचीत. विषय संपला.

बी-५०४: तुम्ही फोटो गुडघ्यावर बसून, भिंतीला चिकटून खालून काढलाय. हा समोरून, रेघेच्या उंचीवर मोबाइल धरून काढलेला. [फोटो] ठसा आणि रेघ यांच्यात बोटभर जागा आहे.

बी-२०३: तिसऱ्या पंचांना विनंती, घाई करा. ऊन भिंतीवर आलंय, ठसा कडेने वाळतोय. पुरावा वाफ होऊन चाललाय!

सी-१०२ आजोबा: ठसा म्हणजे अख्खा चेंडू नव्हे. चेंडूचा जेवढा भाग भिंतीला टेकतो तेवढाच उमटतो. चेंडू साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद. ठसा मोजा.

बी-२०३: पट्टी आणली. गणिताचीच, तिचा अखेर उपयोग झाला. ठसा चार सेंटिमीटर.

सी-१०२ आजोबा: मग चेंडू ठशाच्या खाली आणखी सव्वा सेंटिमीटर होता. रेघ ठशापासून किती लांब?

बी-२०३: सव्वा!!! श्रोतेहो, बरोब्बर सव्वा!

ए-४०२: म्हणजे लागला.

बी-५०४: म्हणजे नाही लागला. आणि एवढ्यात ठसा वाळून आक्रसला असेल. ओला होता तेव्हा कुणी मोजला?

ए-४०२: आक्रसला असेल तर ओला ठसा रेघेच्या आणखी जवळ होता! थँक्यू.

बी-५०४: मी टायपो केला.

बी-२०३: ठसा गेला. भिंत कोरडी. पोरांनी आपला तोडगा काढला आहे: चेंडू पुन्हा. आपण मोठी माणसं अजून फोटो बघतोय, तिकडे पाचवीतला रनअपवर पोचलासुद्धा. टाकला... कचकचीत फटका, जमिनीलगत, कुणी अडवणारं नाही, कुंड्यांच्या मधून, चार जाणार... पांढऱ्या गाडीखाली!! गाडीखाली दोनच! ए विंग एका धावेने जिंकली!

सी-१०२ आजोबा: मी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ ला असाच ओरडलो होतो. केनियाच्या १६६ आणि वेस्ट इंडिज ९३ वर सगळे बाद. आजूबाजूचे आधी माझ्याकडेच बघत होते.

ए-१०१ काकू: दोन बादल्या कुठे आहेत? गोलंदाज पळाला.

बी-५०४: एक मिनिट. ही पांढरी गाडी कुणाची? ती जागा रिकामी असते. आमच्या हक्काच्या चार धावा तिथून जातात.

ए-४०२: आमचे पाहुणे आहेत.

बी-५०४: कधीपासून?

ए-४०२: शुक्रवारपासून.

सेक्रेटरी: पाहुण्यांचं पार्किंग २४ तास. ४०२, जरा खाली या.