मदत हवी आहे : चौरस किलोमीटरचे चौरस मैल करताना नेपाळ साडेतीन पट मोठा का येत आहे?

महालवासी_आई

नमस्कार. आम्ही नागपुरात महाल भागात राहतो. माझी मुलगी आठवीत असून, भूगोलाच्या प्रकल्पासाठी तिने नेपाळ आणि श्रीलंका या दोन देशांच्या आकारांची तुलना घेतली आहे. दोन्ही क्षेत्रफळे चौरस मैलांत लिहावीत, असे शिक्षकांनी सांगितले आहे.

श्रीलंकेचा आकडा माझ्या सासऱ्यांच्या जुन्या नकाशासंग्रहात चौरस मैलांतच मिळाला : २५,३३२. नेपाळचा आकडा मात्र तिच्याकडे चौरस किलोमीटरमध्ये होता : १,४७,१८१. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, म्हणून तिने त्याला १.६०९ ने भागले आणि ९१,४७४ चौरस मैल असे उत्तर काढले. त्याप्रमाणे नेपाळ श्रीलंकेच्या साडेतीन पटींहून मोठा ठरतो. परंतु दोन्ही देशांचे चौरस किलोमीटरमधील आकडे घेतले, म्हणजे १,४७,१८१ ला ६५,६१० ने भागले, तर उत्तर सव्वादोन पटींच्या आतच राहते. भागाकार आम्ही तीनदा तपासला आहे, तो बरोबर आहे. मग चूक कुठे होत आहे? बुधवारी प्रकल्प द्यायचा आहे.

गणितप्रेमी_धंतोली

दोन्ही देशांना एकाच संख्येने भागले की त्यांचे गुणोत्तर बदलत नाही. तुम्ही एक आकडा नकाशासंग्रहातून आणि दुसरा स्वतः काढून घेतला, त्यामुळे घोळ झाला. श्रीलंकेच्या ६५,६१० लाही १.६०९ ने भागा, म्हणजे गुणोत्तर २.२४ येईल आणि प्रश्न मिटेल.

भूगोल_शिक्षिका

गुणोत्तराबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे, पण प्रश्न त्याने मिटत नाही, उलट चूक झाकली जाते. ६५,६१० ला १.६०९ ने भागल्यास सुमारे ४०,७७७ येतात आणि नकाशासंग्रह तर २५,३३२ सांगतो. गुणोत्तर अचूक आणि दोन्ही क्षेत्रफळे चुकीची, असा तक्ता मुलीच्या वहीत जाईल. माझ्या वर्गात ही चूक दर वर्षी येते, आणि दोन्ही देशांना सारख्याच चुकीने भागलेले असले की गुणोत्तर पाहून ती मलाही ओळखता येत नाही.

१.६०९ हा लांबीचा आकडा आहे. आपण नागपूरकर झिरो माईलच्या दगडापासून मैल शिकलो, म्हणजे रस्त्यावरचे अंतर म्हणून शिकलो. क्षेत्रफळात मात्र तो मैल लांबीला एकदा आणि रुंदीला एकदा, असा दोनदा येतो. म्हणून १.६०९ ने एकदा भागून थांबले की रुंदी किलोमीटरमध्येच राहून जाते. दोनदा भागा, किंवा १.६०९ ला १.६०९ ने गुणून येणाऱ्या २.५९ ने एकदाच भागा.

मुलीला हे सांगण्यापेक्षा दाखवावे, असे मी सुचवीन. ग्राफ पेपरवर एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर धरा. एका कोपऱ्यातून १० सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा, तो एक चौरस किलोमीटर; त्याच कोपऱ्यातून १६.१ सेंटिमीटर बाजूचा दुसरा काढा, तो एक चौरस मैल. लहान चौरसात एक सेंटिमीटरची १०० घरे आहेत. मोठ्यात तिला २५६ पूर्ण घरे मोजता येतील आणि कडेच्या बारीक पट्ट्या जोडल्या की आणखी तीन, म्हणजे सुमारे २५९. बाजू दीडपटीहून थोडीच मोठी, पण घरे अडीच पटींहून अधिक आहेत, हे तिने बोट ठेवून मोजले की ती १.६०९ ने भागून थांबणार नाही.

आता नेपाळ : १,४७,१८१ ÷ २.५९ = सुमारे ५६,८२७ चौरस मैल. त्याला २५,३३२ ने भागा, २.२४ येते.

बेसा_प्लॉटधारक

माझाही असाच प्रश्न आहे, म्हणून इथेच विचारतो. माझ्या खरेदीखतात भूखंड १३९.३५ चौरस मीटर लिहिला आहे आणि मध्यस्थाने तोंडी १,५०० चौरस फूट सांगितला होता. मीटरचे ३.२८ फूट होतात, म्हणून मी गुणून पाहिले तर केवळ ४५७ चौरस फूट आले. दोन दिवस मला झोप नाही. माझी फसवणूक झाली आहे का?

भूगोल_शिक्षिका

मोजमापाच्या बाबतीत नाही. आपणही लांबीचाच आकडा एकदा वापरला आहे. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणा, १,५०० येतील. खरेदीखतातील इतर बाबी मात्र वकिलांनाच दाखवा.

रामदासपेठ_६८

दशांशाबद्दल एक सूचना करतो. पुष्कळ जण ०.३८६ ने गुणतात, तेही योग्यच आहे. पण मुले ते ०.३९ किंवा सरळ ०.४ करून टाकतात. नेपाळच्या बाबतीत ०.४ घेतल्यास ५८,८७२ येतात, म्हणजे दोन हजारांहून अधिक चौरस मैल उगाच वाढतात. २.५९ ने भागणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण खरा आकडा २.५८९९८८ असल्यामुळे दोनच दशांश स्थळे घेऊनही फरक जाणवत नाही.

आणि कोणत्याही आकड्याने रूपांतर करण्याआधी त्याची पारख करून घ्यावी. तुमच्याकडे श्रीलंकेचे दोन्ही आकडे आहेतच. ६५,६१० ला २.५९ ने भागून २५,३३२ मिळाले की तोच भाजक निर्धास्तपणे नेपाळला लावावा.

मला खटकते ते वेगळेच आहे. नेपाळ सरकारने २०२० साली नवा नकाशा काढल्यापासून तिथे १,४७,५१६ चौरस किलोमीटर हा आकडा दिला जातो आणि भारताला तो नकाशा मान्य नाही. मग प्रकल्पात कोणता आकडा लिहावा?

भूगोल_शिक्षिका

मी १,४७,१८१ च ठेवीन, कारण आपल्याकडे तोच वापरात आहे, आणि खाली दुसऱ्या आकड्याची एका ओळीत नोंद करीन. फरक ३३५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे सुमारे १२९ चौरस मैलांचा आहे, २.२४ चे फार तर २.२५ होईल.

रामदासपेठ_६८

गुणोत्तरापुरते ते मान्य आहे, पण नोंद तळटीपेत न टाकता आकड्याशेजारीच असावी, असे माझे मत आहे. तळटीप कोणी वाचत नाही.

महालवासी_आई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तिने ग्राफ पेपरवर दोन्ही चौरस काढले आणि घरे पेन्सिलीने टिंब देत मोजली. तिची बेरीज २५८ आली, कारण एका कडेची पट्टी सुटली होती. ती तिची तिलाच सापडली. ६५,६१० चे २५,३३२ झालेले पाहून मगच तिने नेपाळचा भागाकार केला.

यातून एक नवी अडचण निघाली आहे. मुखपृष्ठावर दोन्ही देश रंगीत चौरसांनी दाखवायचे, म्हणून तिने श्रीलंकेचा चौरस १० सेंटिमीटर बाजूचा आणि नेपाळचा २२.४ सेंटिमीटर बाजूचा आखला आहे. तो पाहताना नेपाळ फारच मोठा भासतो. हीसुद्धा तीच चूक आहे का?

भूगोल_शिक्षिका

होय, तीच चूक, फक्त उलट दिशेने. २२.४ बाजू घेतली की क्षेत्रफळ पाच पट होते. २.२४ चे वर्गमूळ जवळजवळ १.५ येते, म्हणून नेपाळच्या चौरसाची बाजू १५ सेंटिमीटर घ्या.

महालवासी_आई

१५ चा कापून १० च्या शेजारी ठेवला आहे. शेवटचे एक विचारते : नकाशासंग्रहाच्या दुसऱ्या पानावर श्रीलंकेचे केवळ जमिनीचे क्षेत्रफळ ६२,७०५ चौरस किलोमीटर दिले आहे. तलाव आणि जलाशय वगळायचे की धरायचे, याबद्दल शिक्षकांनी काही सांगितलेले नाही.

भूगोल_शिक्षिका

आपला १,४७,१८१ हा नेपाळचा आकडा पाण्यासकट आहे, तेव्हा श्रीलंकेचाही पाण्यासकट ६५,६१० च घ्या. पाणी वगळायचे असल्यास दोन्ही देशांचे वगळावे लागेल; त्याबद्दल मात्र उद्या शिक्षकांनाच विचारा.