निवेदनात आकडे सांगा

“लोगो उसळवायला शिकवणाऱ्या व्हिडिओत, लोगो टप्पा खातो तिथे निवेदनात नेमकं काय बोलायचं?”

फ्रेम आणि उंची बोलायची. आमच्या देवगडात हापूसच्या पेट्यांवरचा गोल लोगो व्हिडिओसाठी उसळवायचा होता, तेव्हा संहितेत मी हेच लिहिलं. सेकंदाला 25 फ्रेमचा प्रोजेक्ट, शॉटकट या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये Size, Position & Rotate फिल्टर. निवेदन असं: “लोगो चौकटीच्या वर ठेवा, की-फ्रेम, म्हणजे त्या क्षणाची जागा पक्की करणारी खूण, लावा. आता 12 फ्रेम पुढे या, लोगो तळाला आणा.” इथे थांबा, बघणाऱ्याला उजवा बाण बारा वेळा दाबायचा असतो. “पुढच्या 6 फ्रेममध्ये तो पहिल्या उंचीच्या पाव भाग वर, आणखी 6 मध्ये परत तळाला. मग 3 फ्रेम वर, 3 खाली, आणि स्थिर.” म्हणजे 800 पिक्सेल पडला, तर पहिली उसळी 200, दुसरी 50. उंची पाव झाली की वेळ निम्मा होतो, पडणाऱ्या वस्तूचा नियमच तो. उंची कमी करून वेळ तेवढाच ठेवला, तर लोगो पाण्यातल्या होडीसारखा डुलतो.

आणि सगळ्या की-फ्रेमना सरसकट स्मूथ लावा असं मात्र सांगू नका (बरेच जण सांगतात). तळाशी वेग झटकन उलटायला हवा. मऊपणा फक्त उसळीच्या माथ्यावर. तपासायला तळाची फ्रेम आणि तिच्या आजूबाजूची एकेक बघा: लोगोने तिथे सर्वांत मोठं अंतर कापलेलं दिसलं पाहिजे.