साखर ३८ रुपये आणि वाणी लुटारू?

पायपीट: कोपऱ्यावरच्या नव्या मॉलमध्ये साखर ३८ रुपये किलो मिळते, तर आमच्या वाण्याकडे ४५. इतकी वर्षे वाणी आपल्याला लुटत होता, हे आता तरी मान्य करावे.

तराजू: या निष्कर्षाने चिडलो, म्हणून सविस्तर लिहितो. एका साखळी दुकानाच्या खरेदी विभागात मी अकरा वर्षे काढली आहेत. ३८ला विकलेली साखर आम्हाला गोदामात ४२ला पडत असे, म्हणजे किलोमागे चार रुपये आम्ही जाणूनबुजून सोडत होतो. साखर, गोडेतेल आणि तूरडाळ यांचे भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ असतात. जिरे, भांडी घासण्याची घासणी किंवा प्लास्टिकचा डबा यांचे नसतात. पाठ असलेल्या भावावरून माणूस अख्ख्या दुकानाला स्वस्त किंवा महाग ठरवतो, म्हणून तोटा तिथेच सोसायचा.

एक बिल पाहा. तीन किलो साखरेवर १२ रुपये गेले. त्याच टोपलीत ११०० रुपयांचा इतर माल असेल आणि त्यावर सरासरी १४ टक्के सुटत असतील, तर १५४ रुपये आले. १२ वजा जाता १४२ उरले, आणि त्यातून भाडे, वीज, पगार भागवायचे. साखर दुकानाच्या अगदी मागच्या भिंतीला ठेवलेली असते, ती यासाठीच.

हा डाव फसतोही. दिवसअखेर आम्ही सर्वांत आधी हे पाहायचो की नुसत्या साखरेची बिले किती झाली. ती वाढली, तर जाहिरातीने गिऱ्हाईक आले, पण टोपली आली नाही. पुढच्या दोन आठवड्यांत साखरेचा खप पडला, तर लोकांनी फक्त साठा करून ठेवला, असे समजायचे.

गल्ला: मी तो ‘लुटारू’ वाणी. माझे तीस वर्षांचे गिऱ्हाईक साखर तिकडून आणते आणि महिनाअखेरीस उधारीवर शंभर ग्रॅम मोहरी न्यायला माझ्याकडे येते. शिवाय ही विक्री बेकायदा आहे. सरकारने साखरेला किमान दर बांधून दिलेला आहे.

तराजू: दर बांधलेला आहे, पण २०१८ साली आलेला तो आदेश कारखान्यांच्या विक्रीला लागू आहे. २०१९ साली तो दर किलोला ३१ रुपये झाला. दुकानदाराने कितीला विकावे, यावर तो काही बोलत नाही. स्पर्धा कायद्याने रोखायचे, तर त्या दुकानाचे बाजारात वर्चस्व आहे, हे आधी दाखवावे लागते.

गल्ला: म्हणजे आमची दुकाने बंद पडल्यावर वर्चस्व सिद्ध होणार! जर्मनीत २००० साली तिथल्या स्पर्धा नियामकाने वॉलमार्टसह तीन साखळ्यांना दूध, साखर असा माल खरेदीपेक्षा कमी भावाने विकू नका, असे बजावले होते.

तराजू: हे खरे आहे, आणि या एका मुद्द्यावर मी निरुत्तर आहे.

फराळवाली: अशा तोट्याच्या मालाला मीही फसले आहे. दिवाळीत ९९९चा फराळ संच घेतला. घरी वजनकाट्यावर ठेवला, तर तूप जेमतेम २०० ग्रॅम, बेसन अर्धा किलो आणि वर कोणीही न मागितलेली सरबताची बाटली! हा कसला तोटा?

तराजू: ताई, संच हा वेगळाच प्रकार आहे, त्यात दुकान सहसा तोटा सोसत नाही. एक जण तुपाला ३०० आणि सुक्यामेव्याला १८० देईल, दुसरी तुपाला १८० आणि सुक्यामेव्याला ३००. दोन्ही वस्तू ३००ला ठेवल्या तर प्रत्येकी एकच खपते आणि ६०० येतात. १८०ला ठेवल्या तर चारही नग जाऊन ७२०. मात्र ४८०चा संच केला, तर दोघेही घेतात आणि ९६० जमा होतात.

फराळवाली: तुमचा हिशेब तुम्हाला लखलाभ. माझ्या सरबताला त्यात कोणी किती मोजायला तयार होते?

तराजू: कोणीच नाही. न खपलेला माल संचात सारतात, कारण संचातल्या एकेका वस्तूचा भाव कोणाला ताडून पाहता येत नाही. मीही सारला आहे.

पायपीट: म्हणजे मॉलही लुटारूच. मग मी साखर तिकडून आणि मोहरी गल्लाकाकांकडून घेतली, तर माझे काय चुकले?

तराजू: काहीच नाही, खरेदी विभागाला तुमच्यासारख्यांचीच धास्ती असते. आणि गल्लाशेठ, भाजीवाली कढीपत्ता फुकट देते, तेव्हा ती याहून वेगळे काय करते?

गल्ला: ती कढीपत्ता देऊन शेजारणीचा गाळा बंद पाडत नाही. बाकी तुमची विद्या थोर आहे, हे मी मानतो. मागच्या सेलला मी दोन्ही मुलांना आणि पुतण्याला वेगवेगळ्या रांगांत उभे करून तुमच्या त्या ३८च्या भावाने सत्तावीस किलो साखर आणवली आणि इथे ४५ने विकली.

तराजू: माणशी तीन किलोची मर्यादा तुमच्यासाठीच घातलेली असते.

गल्ला: म्हणून तर प्रत्येकाला तीन फेऱ्या मारायला लावल्या.